दादी अल्लाहच्या घरी गेली, म्हणजे कुठे गेली?

तीन वर्षांपूर्वी, पावसाळा नुकताच जोर धरत होता, तेव्हा एका पहाटे फजरच्या अजानच्या थोडे आधी आमच्या घरातल्या दादीचा इंतकाल झाला. आमच्या दोघांपैकी एकाची ती आई, दुसरीची सासू, आणि आमच्या तिन्ही मुलांची दादी. थोरली मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती, मधला मुलगा आठ वर्षांचा आणि धाकटी चार वर्षांची. धाकटी रोज दादीच्याच कुशीत झोपायची. दवाखान्यातले शेवटचे चार दिवस तेवढे ती आमच्याजवळ होती.

सकाळी ती उठली तेव्हा घर माणसांनी भरले होते. बायका सिपारे घेऊन बसल्या होत्या. तिने विचारले, "दादी आली का?" एका वयस्क नातेवाईक बाईंनी तिला जवळ घेतले आणि मायेने सांगितले, "दादी अल्लाहच्या घरी गेली बेटा." आम्ही तिथेच होतो. आम्हीही मान डोलावली. रडता रडता याहून वेगळे काही सुचण्याची ती वेळ नव्हती, आणि त्यात काही चुकले असे वाटलेही नाही.

पाचव्या दिवशी आम्ही तिला घेऊन मशिदीवरून जात होतो. दारासमोर येताच तिने हात ओढला आणि म्हणाली, "अल्लाहचं घर आलं. चला, दादीला आणू या."

मशीद म्हणजे अल्लाहचे घर, हे आम्हीच तिला शिकवले होते. पाच दिवस ती मुलगी समजून चालली होती की दादी घरापासून दोन गल्ल्या पलीकडे बसली आहे आणि आपण कुणीच तिला आणायला जात नाही. रस्त्यात आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर तिने विचारले, "दादी माझ्यावर रागावलीय का?" तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले की आपण तिला मृत्यू सांगितलेलाच नाही. आपण तिला एक पत्ता दिला आहे.

आपले शब्द आणि मुलांचे कान

मोठी माणसे मृत्यूचे नाव घेत नाहीत. आपल्या घरांत त्यासाठी किती शब्द आहेत ते पाहा. इंतकाल झाला, म्हणजे मुळात एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणे. गुजर गए, म्हणजे पुढे निघून गेले. अल्लाह को प्यारी हो गईं. शेजारच्या घरात देवाघरी गेले म्हणतात. हे सगळे शब्द मोठ्यांना पुरतात, कारण त्यांच्यामागे काय आहे ते मोठ्यांना आधीच ठाऊक असते. चार वर्षांच्या मुलाजवळ ते मागचे काहीच नसते. त्याला जे ऐकू येते तेच तो धरतो. जो गेला तो परत येईल. जो कुणाला प्यारा झाला म्हणून गेला, त्याच्यासारखे प्यारे होणे धोक्याचे.

सर्वांत जास्त त्रास दिला तो "झोपली" या शब्दाने. मय्यतीचा चेहरा दाखवताना कुणीतरी धाकटीला म्हणाले होते, "बघ, दादी कशी शांत झोपली आहे." त्या आठवड्यापासून ती रात्री झोपायला तयार होईना. डोळे मिटले की उघडायची आणि आमचे डोळे उघडे आहेत का ते बघायची. अम्मीला डुलकी लागली की गालावर चापट मारून उठवायची.

त्यात आणखी एक भर पडली होती, ती आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळली. झोपताना म्हणायची छोटी दुआ तिला पाठ होती. मधल्या मुलाने मकतबमध्ये तिचा अर्थ नुकताच शिकला होता. त्या दुआत झोपेला मरण म्हटले आहे आणि उठण्याला जिवंत होणे. त्याने मोठ्या अभिमानाने तो अर्थ बहिणीला सांगितला. मोठ्यांसाठी तो अर्थ फार खोल आहे. पण जिची दादी "झोपली" आणि उठलीच नाही, त्या मुलीसाठी त्याचा अर्थ एकच होता. आम्ही दुआ बंद केली नाही. तिला एवढेच सांगितले की झोपलेल्या माणसाचा श्वास चालू असतो. मग अम्मी आडवी झाली आणि धाकटीचा हात आपल्या पोटावर ठेवून दिला. श्वासाबरोबर हात वर जातो, खाली येतो. चारपाच रात्री हे करावे लागले. मग हळूहळू चापटा थांबल्या.

मृत्यू समजणे म्हणजे नेमके काय समजणे

मशिदीच्या दारातल्या त्या प्रसंगानंतर आम्ही ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञांशी बोललो आणि थोडे वाचलेही. या विषयावर बराच अभ्यास झालेला आहे. मारिया नाज या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्ट आणि आसपासच्या तीन ते दहा वर्षांच्या 378 मुलांशी बोलून, त्यांच्याकडून चित्रे काढून घेऊन, मुलांना मृत्यू म्हणजे काय वाटते ते तपासले. 1948 मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालच्या मुलांना मृत्यू म्हणजे दूर गेलेले माणूस किंवा लांबलेली झोप वाटते, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते.

पुढे 1984 मध्ये स्पीस आणि ब्रेंट या दोन अमेरिकी संशोधकांनी तोवर झालेले सगळे अभ्यास एकत्र पाहिले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मृत्यूची समज ही एकच गोष्ट नसून ती तुकड्यांनी येते. मेलेले परत येत नाही, हा एक तुकडा. मेल्यावर शरीराचे सगळे काम थांबते, म्हणजे श्वास, भूक, दुखणे, बघणे सारे बंद, हा दुसरा. आणि जे जे जिवंत आहे ते सारे एक दिवस मरते, मी आणि अम्मी-अब्बासुद्धा, हा तिसरा. बहुतेक मुलांना हे तिन्ही पाच ते सात या वयात कळू लागतात. मृत्यू कशामुळे येतो, हा चौथा तुकडा पक्का व्हायला बहुधा आणखी वेळ लागतो.

हे वाचल्यावर आमच्या घरात काय चालले आहे ते दिसू लागले. एकच दादी गेली होती, पण तीन मुलांसाठी तीन वेगळ्या गोष्टी घडल्या होत्या. धाकटीजवळ पहिलाच तुकडा नव्हता. मधला दुसऱ्या तुकड्यावर अडला होता. थोरलीला चारही कळत होते, आणि तिचे दुःख त्यापलीकडचे होते.

धाकटीला पुन्हा सांगितले, तेव्हा

एका दुपारी घरात कुणी नसताना आम्ही दोघांनी तिला जवळ घेतले. आधी आपली चूक कबूल केली. "आम्ही तुला दादीचं नीट सांगितलं नव्हतं. दादी मशिदीत नाही. दादी मेली." हा शब्द आपल्या तोंडून आपल्याच आईसाठी काढताना अब्बांचा आवाज फुटला. ती बघत राहिली.

"मेली म्हणजे तिचं शरीर बंद पडलं. आता ती श्वास घेत नाही. तिला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही. डॉक्टरांनी खूप औषधं दिली, पण तिचं हृदय फार थकलं होतं, ते थांबलं. मेलेलं माणूस परत येत नाही. आम्हाला पण ती परत यावी असं खूप वाटतं."

गेल्याच महिन्यात बकरीद झाली होती. तिने विचारले, "दादीची कुर्बानी केली?"

क्षणभर आम्ही गारठलोच. पण तिने जवळचे जे उदाहरण पाहिले होते, तेच लावून बघितले होते. मुले अशीच शिकतात. आम्ही रागावलो नाही. "नाही बेटा. दादीला कुणीच काही केलं नाही. दादी खूप आजारी होती." मग एक गोष्ट मुद्दाम जोडली, कारण तिला दर पंधरा दिवसांनी सर्दी होते: "तुझ्या सर्दी-तापासारखी आजारी नाही. तो बरा होतो. दादीचा आजार खूप मोठा होता, म्हाताऱ्या माणसांना होतो तसा."

आणि मग शेवटी आम्ही आखिरतीचे सांगितले. दादीचे शरीर कब्रस्तानात मातीत ठेवले आहे. पण दादीच्या आत जी दादी होती, तिला रूह म्हणतात, ती अल्लाहजवळ आहे. अल्लाह तिच्यावर रहम करील, अशी आपण दुआ करतो. आपण आता तिथे जाऊ शकत नाही आणि ती इथे येऊ शकत नाही.

या क्रमावर आम्ही जोर देतो, कारण आमची पहिली चूक तीच होती. मुस्लिम घरात मुलाला आखिरतीबद्दल सांगायचे नाही, असे कुणी म्हणणार नाही. पण चार वर्षांच्या मुलाला फक्त आखिरत सांगितली तर तो तिला एक गाव समजतो आणि तिकीट मागतो. आधी शरीराचे सांगावे, थांबले आणि परत येणार नाही, हे स्पष्ट. मग रूहचे. शरीराचे नीट कळले की रूहची गोष्ट त्याला धीर देते. उलटे केले की तीच गोष्ट त्याला वाट बघायला लावते.

एकदा सांगून काम झाले नाही. पुढचे दोन महिने ती तोच प्रश्न विचारत राहिली, कधी जेवताना, कधी रिक्षात, अनोळखी माणसांसमोर. "दादी मेली ना? परत येणार नाही ना?" प्रत्येक वेळी तेच शब्द, तेच उत्तर. मुले दुःखाच्या डबक्यात पाय घालतात आणि उडी मारून बाहेर येतात. हा प्रश्न विचारून पुढच्याच क्षणी ती बिस्किट मागायची. तिला काही वाटत नाही, असा त्याचा अर्थ नव्हता. तिला झेपेल तेवढेच ती एका वेळी घेत होती.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आयुष्यातला एक छोटा प्रसंग त्या दिवसांत आम्हाला आठवत असे. हजरत अनस (र.) यांच्या लहान भावाने, अबू उमैरने, एक इवलासा पक्षी पाळला होता. तो पक्षी मेला आणि पोर उदास बसले. प्रेषितांनी त्याला दुसरा पक्षी आणून दिला नाही, की एवढ्याशा पाखरासाठी रडतोस काय, असेही म्हटले नाही. त्यांनी मुलाला नावाने हाक मारून त्याच्या पाखराचीच विचारपूस केली. मेलेल्याचा विषय त्यांनी स्वतःहून काढला. आपण बहुधा नेमके उलटे करतो. मूल विसरले असेल, आता आठवण कशाला करून द्यायची, म्हणून गप्प बसतो. मूल विसरलेले नसते. आपल्या गप्प बसण्यावरून ते एवढेच शिकते की हे घरात बोलायचे नसते.

बाहुली गप्प का बसायची

दीड महिन्याने एक गोष्ट घडली. धाकटी बाहुल्या मांडून खेळत होती. तिने एका बाहुलीच्या तोंडावर हात दाबला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "गप! ओरडू नको. दादी मरेल."

दादी दवाखान्यात जायच्या आधीचे दोन आठवडे घरीच अंथरुणावर होती. त्या काळात आम्ही या मुलीला दिवसातून दहा वेळा सांगत होतो, "आवाज करू नको, दादीला त्रास होतो." एका संध्याकाळी ती खूप ओरडली, रडली, आणि त्याच रात्री दादीला दवाखान्यात न्यावे लागले. तिने दोन्हींचा संबंध जोडला होता आणि दीड महिना तो एकटीने सांभाळला होता.

तीन ते सात-आठ वर्षांच्या मुलांत हे सर्रास घडते. आपल्या मनात आले म्हणून झाले, आपण रागात काही बोललो म्हणून झाले, असे त्यांना खरेच वाटते. आणि ही शंका मूल कधी थेट विचारत नाही. ती खेळात दिसते, चित्रात दिसते, किंवा मूल एकाएकी फार शहाण्यासारखे वागू लागते त्यात दिसते. म्हणून मूल विचारण्याची वाट न बघता सांगून टाकावे. आम्ही तिला समोर बसवून सांगितले, "तू ओरडलीस म्हणून दादी मेली नाही. ओरडण्याने कुणी मरत नाही. रागावण्याने मरत नाही. दादीचं हृदय तू जन्मायच्या आधीपासून आजारी होतं." तिने विचारले, "जोरात ओरडलं तरी?" "जोरात ओरडलं तरी." मग तिने तिथेच एकदा जोरात ओरडून पाहिले.

याच संदर्भात एक प्रसंग मुलांना सांगण्यासारखा आहे. प्रेषितांचे चिरंजीव इब्राहीम सुमारे दीड वर्षाचे असताना, हिजरी सनाच्या दहाव्या वर्षी, मदीनेत वारले. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. शोकात बुडालेल्या बापाला त्या बोलण्याने बरे वाटले असते. पण प्रेषितांनी लोकांना सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्याने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असे नसते, हेच आमच्या चार वर्षांच्या मुलीला समजायचे होते. आणि त्याच प्रसंगात, बाळाला मांडीवर घेऊन प्रेषितांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. लोकांना नवल वाटले तेव्हा त्यांनी ती करुणा असल्याचे सांगितले. मुलांसमोर रडू नये, असे आम्हाला अनेकांनी बजावले होते. आम्ही रडलो. फक्त का रडतो ते सांगत गेलो: "दादीची आठवण आली म्हणून रडू येतंय. थोड्या वेळाने थांबेल."

मधल्याचे प्रश्न कबरीबद्दल होते

आठ वर्षांच्या मुलाने जनाजाबरोबर जायचा हट्ट धरला. आम्ही नेले, पण जाण्याआधी अब्बांनी त्याला अंगणात घेऊन दहा मिनिटे सगळे सांगितले. दादीला आंघोळ घालून पांढऱ्या कफनात गुंडाळले आहे. लोक आळीपाळीने खांदा देतील. जनाजाची नमाज उभ्यानेच होते, तिच्यात रुकू नाही आणि सजदा नाही. कबर खोल असेल. दादीला किब्ल्याकडे तोंड करून ठेवतील, वर फळ्या टाकतील, म्हणजे माती तिच्या अंगावर पडणार नाही. मग सगळे तीन तीन मुठी माती टाकतील, तुला टाकायची असेल तर टाक. मोठी माणसे रडतील. तुला नको वाटले तर मामूंचा हात धर, ते तुला बाहेर आणतील. मामूंवर त्या दिवशी तेवढेच एक काम सोपवले होते, कारण ज्याची आई गेली आहे तो त्या वेळी मुलाकडे लक्ष देऊ शकत नाही. मूल कब्रस्तानात घाबरते ते बहुतेक वेळा अचानक समोर आलेल्या गोष्टीला. आधी सांगितलेली गोष्ट त्याला पाहता येते. त्याने माती टाकली आणि शेवटपर्यंत थांबला.

रात्री जोराचा पाऊस आला. तो अंथरुणात उठून बसला. "दादी भिजत असेल." मग एकामागून एक प्रश्न. तिला अंधारात भीती वाटत असेल का? श्वास कसा घेईल? किडे चावतील का? आणि शेवटी सर्वांत हळू आवाजात: मकतबमधल्या एका मुलाने सांगितले होते की कबरीत साप येतात.

त्याला शरीर थांबते हे कळत होते आणि नव्हतेही. आम्ही एकेक प्रश्न घेतला. भिजणे, गारठणे, चावणे जाणवायला शरीर चालू असावे लागते. ते थांबले आहे, म्हणून दादीला पाऊस लागत नाही. शरीर हळूहळू मातीत मिसळून जाते, हेही खरे सांगितले. त्याने मग चलाखीने विचारले, "पण मौलवी साहेब म्हणतात कबरीत सवाल होतात. मग दादीला ऐकू येतं की नाही?"

अशा वेळी दोन चुका होतात. एक, घाईने काहीतरी रचून सांगणे. दुसरी, असले प्रश्न विचारू नयेत म्हणून गप्प करणे. आम्ही म्हणालो, "शरीराचं काय होतं ते आम्हाला माहीत आहे. रूहचं काय होतं ते अल्लाहला माहीत. कुरआननेच सांगितलंय की रूहबद्दल माणसाला फार थोडं ज्ञान दिलं आहे. जेवढं सांगितलंय तेवढं आपण मानतो. सापांच्या गोष्टी मित्राने सांगितल्या, तर आधी आम्हाला येऊन विचार. दादीच्या अल्लाहचं नाव रहमान आहे, आणि दादीसाठी आपण काय करू शकतो, तर दुआ." दुसऱ्या दिवशी मकतबच्या मौलवींना भेटून त्यांच्याही कानावर घातले. त्यांनी मुलाला जवळ बसवून रहमतीचे सांगितले. त्याचा उपयोग आमच्या बोलण्याहून जास्त झाला.

मुलाच्या डोक्यात या दोन गोष्टी भांडतील, अशी आम्हाला भीती होती. पण पॉल हॅरिस आणि मार्ता हिमेनेज यांचा 2005 मधला एक अभ्यास वाचून धीर आला. त्यांनी माद्रिदमधल्या सात आणि अकरा वर्षांच्या मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. एका गोष्टीत मृत्यूची बातमी डॉक्टर देतो, दुसरीत धर्मगुरू. आणि विचारले, आता त्या माणसाचे काय काय चालू आहे? डॉक्टरच्या गोष्टीनंतर मुले शरीर बंद पडल्याचे जास्त सांगत. धर्मगुरूच्या गोष्टीनंतर काही तरी चालू आहे असे जास्त सांगत. महत्त्वाचे म्हणजे, असे म्हणणे मोठ्या मुलांत अधिक होते. म्हणजे वय वाढते तशी शरीराची समज श्रद्धेला पुसून टाकत नाही. मूल दोन्ही शेजारी शेजारी ठेवायला शिकते, जसे आपण मोठेही ठेवतो. दवाखान्याच्या कागदावर आपण मृत्यूचे कारण वाचतो आणि त्याच तोंडाने इन्ना लिल्लाहि म्हणतो.

थोरलीला सगळे कळत होते

थोरलीने काहीच विचारले नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ती पाहुण्यांना चहा देत होती, धाकटीला सांभाळत होती. सगळे म्हणत होते, किती समजूतदार पोर आहे. चाळीसेक दिवसांनी एका क्षुल्लक गोष्टीवरून ती अशी काही भडकली की घर हादरले. बोलता बोलता खरे बाहेर आले. "तुम्ही मला गुस्लच्या वेळी बाहेर काढलं. मी दादीचे केस विंचरायचे रोज. मला शेवटचं पाणी घालू द्यायचं होतं." आणि त्याहून खोल: "शेवटच्या दिवशी दादीने मला बोलावलं होतं, मी फोन बघत बसले."

तेरा वर्षांच्या मुलाला मृत्यू म्हणजे काय ते समजावावे लागत नाही. त्याला प्रश्न पडतो तो आपल्या वाट्याच्या राहून गेलेल्या गोष्टींचा. धाकटीला आवाजाचा दोष वाटत होता, तो खोटा होता, म्हणून तो खोडून काढता आला. थोरलीचा खंत करण्याजोगा प्रसंग मात्र खरा होता. ती खरेच गेली नव्हती. तो "काही नाही गं" म्हणून पुसता येत नाही. अम्मीने तिला सांगितले, "हो, त्या दिवशी तू गेली नाहीस. आणि दोन वर्षं रोज तिचे केस विंचरलेस, तेही खरं. दादीला दोन्ही ठाऊक होतं." आणि गुस्लबद्दल आम्ही माफी मागितली. बोरीची पाने टाकलेले कोमट पाणी आणि शेवटी कापूर, सारे काम घरच्या बायकांनीच पडद्याआड अदबीने केले होते. तिला आधी विचारून, एका बाजूला उभे राहून तांब्या भरून देण्याचे काम सहज देता आले असते. लहान आहे म्हणून आम्ही तिला वगळले आणि मोठी आहे म्हणून चहा करायला लावले.

तीच दादी, पुन्हा नव्याने

यंदा धाकटी सात वर्षांची झाली. दादीला जाऊन तीन वर्षे झाली, आणि एका रात्री ती नव्याने रडली. पहिल्यापेक्षा जास्त. मृत्यू सगळ्यांना येतो, हा तिसरा तुकडा तिला आता कळला होता. "अम्मी, तू पण मरणार?"

चार वर्षांपूर्वीच्या आम्ही "नाही बेटा" म्हटले असते. आता अम्मी म्हणाली, "हो, एक दिवस. सगळेच मरतात. बहुतेक लोक खूप म्हातारे होईपर्यंत जगतात. मला पण तुझी लेकरं बघायची आहेत. अल्लाहने आयुष्य किती लिहिलंय ते मला माहीत नाही. पण तुला सांभाळायला अब्बा आहेत, फुफी आहे, मामू आहेत. तू एकटी कधीच पडणार नाहीस." मुलाच्या प्रश्नाच्या पोटात बहुधा हाच प्रश्न असतो की माझे काय होईल. त्याचे खरे उत्तर देता येते. न मरण्याचे वचन देता येत नाही, आणि देऊ नये.

मुलाचे दुःख असे वाढत्या वयाबरोबर पुन्हा पुन्हा येते. दर वेळी त्याला जास्त कळते, म्हणून दर वेळी थोडे नव्याने दुखते. हे बिघडणे नव्हे. पहिल्या काही आठवड्यांत अंथरूण ओले होणे, चिकटून राहणे, बोबडे बोलणे, शाळेत लक्ष न लागणे हेही बहुतेक मुलांत दिसते आणि ओसरते. ते महिनोन्‌महिने टिकले, मूल खाईनासे किंवा खेळेनासे झाले, तर डॉक्टरांना दाखवावे. चार वर्षांचे मूल "मला दादीकडे जायचं" म्हणते, ते बहुधा फक्त आठवणीने. तरी त्याला जवळ घेऊन काय वाटते ते विचारावे. दहा-बारा वर्षांचे किंवा मोठे मूल असे म्हणाले, तर हसण्यावारी नेऊ नये. "तुला मरावंसं वाटतं का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात शिरत नाही. उत्तर हो असेल तर मुलाला एकटे सोडू नये आणि लगेच मदत घ्यावी. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मिळते.

त्या रात्री धाकटी बऱ्याच वेळाने शांत झाली. मग तिने झोपायची दुआ म्हटली, आता अर्थासकट. आणि सवयीने अम्मीच्या पोटावर हात ठेवला.